उतरंड आणि आठ मिनिटे

एका खोलीत एक विद्यार्थी टेबलाशी बसला आहे. त्याच्यासमोर वेगवेगळ्या आकारांचे सात ठोकळे आहेत आणि ते जुळवून कागदावर दाखवलेली आकृती तयार करण्याचे काम त्याला दिलेले आहे. मध्येच प्रयोगकर्ता काही निमित्त सांगून बाहेर जातो. हाताशी मासिके आहेत, ठोकळेही आहेत, आणि आता काय करावे हे कोणी सांगितलेले नाही. एकतर्फी काचेआडून मात्र त्याच्यावर लक्ष ठेवलेले असते, आणि या आठ मिनिटांत त्याने किती सेकंद ठोकळ्यांवर घालवले एवढेच मोजले जाते.

हा प्रयोग मानसशास्त्रज्ञ एडवर्ड डेसी यांनी केला आणि १९७१ साली प्रसिद्ध केला. प्रत्येक विद्यार्थी तीनदा आला. पहिल्या आणि तिसऱ्या वेळी कोणालाच पैसे नव्हते. दुसऱ्या वेळी निम्म्या विद्यार्थ्यांना जुळवलेल्या प्रत्येक आकृतीमागे एक डॉलर मिळाला. ज्यांना पैसे मिळाले, ते पहिल्या वेळी त्या मोकळ्या आठ मिनिटांतली सरासरी सुमारे २४८ सेकंद ठोकळ्यांत रमले होते. पैसे बंद झाल्यावर, म्हणजे तिसऱ्या वेळी, हा आकडा सुमारे १९९ वर आला. ज्यांना कधीच पैसे मिळाले नव्हते, त्यांचा वेळ मात्र २१४ वरून २४२ सेकंदांपर्यंत वाढला. विद्यार्थी केवळ चोवीस होते, त्यामुळे एवढ्या एका प्रयोगावर फार भार टाकता येणार नाही. पण पुढे असे अनेक प्रयोग झाले, आणि रिचर्ड रायन यांच्यासह डेसी यांनी त्यातूनच मानवी प्रेरणेविषयीचा स्वयंनिर्धारण सिद्धांत उभा केला.

आता प्रेरणेचा दुसरा प्रसिद्ध सिद्धांत मांडणारे मानसशास्त्रज्ञ अब्राहम मॅस्लो यांच्याकडे वळू. त्यांनी १९४३ च्या निबंधात मांडलेली गरजांची उतरंड बहुतेकांना ठाऊक असते: तळाशी शरीराच्या गरजा, मग सुरक्षितता, प्रेम व आपलेपणा, प्रतिष्ठा, आणि शेवटी आपल्या अंगी जे आहे ते पूर्णपणे फुलवण्याची ओढ. पाठ्यपुस्तकांतला प्रसिद्ध त्रिकोण त्या निबंधात नाही. तो नंतर इतरांनी काढला. ही केवळ चित्राची चूक असती तर सोडून देता आली असती, पण त्रिकोणामुळे असे वाटू लागते की खालची पायरी पूर्ण भरल्याशिवाय वरची सुरूच होत नाही. मॅस्लो यांनी मात्र, हे आकडे अंदाजाचेच आहेत असे बजावून, सर्वसाधारण माणसाच्या शारीरिक गरजा ८५ टक्के, सुरक्षिततेची ७०, प्रेमाची ५०, तर आत्मसन्मानाची ४० टक्के भागलेली असू शकते, असे उदाहरण दिले होते. म्हणजे सगळ्या गरजा एकाच वेळी अर्ध्यामुर्ध्या भागलेल्या असू शकतात. तरीही क्रम त्यांनी सोडलेला नाही, हेही खरे.

मानवी प्रेरणेवर आपण निबंध लिहिताना या दोन सिद्धांतांची तुलना करायची झाली, तर मॅस्लो यांच्या पाच गरजा एका बाजूला आणि स्वयंनिर्धारण सिद्धांतातल्या स्वायत्तता, सक्षमता व आपुलकीचे नाते या तीन गरजा दुसऱ्या बाजूला लिहून जोड्या लावण्याचा मोह होतो. आपलेपणा दोन्हीकडे आहे, सक्षमता आणि प्रतिष्ठा एकमेकींच्या जवळ आहेत, येथपर्यंत ते जमते. स्वायत्ततेला मात्र उतरंडीत स्वतःची पायरीच नाही. शिवाय स्वायत्तता म्हणजे एकट्याने जगणे किंवा कोणाचे न ऐकणे नव्हे. आपण करतो ते मनापासून आपलेसे वाटणे, असा तिचा अर्थ आहे. दुसऱ्याने सांगितलेले कामही पटले तर ते स्वायत्तपणे करता येते.

त्या खोलीतल्या डॉलरचा अर्थ लावताना हाच फरक उपयोगी पडतो. उतरंडीच्या भाषेत पैसा हे काही गरजा भागवण्याचे साधन आहे, आणि ते हाती आल्याने कोड्याची गोडी का कमी व्हावी याचे सरळ उत्तर तिथे सापडत नाही. डेसी आणि रायन यांच्या मते बक्षिसामुळे ‘मी हे मला आवडते म्हणून करतो’ ही जाणीव ‘मी हे पैशासाठी करतो’ अशी बदलते, आणि स्वायत्ततेला धक्का बसतो. याउलट शाबासकीतून आपल्याला हे जमते असा विश्वास मिळतो, म्हणून ती सहसा ओढ वाढवते; अर्थात शाबासकी देतानाही ‘असेच करायला हवे होते’ असा सूर लागला, तर तिचाही लगाम होतो. मुळात कंटाळवाण्या कामाला मात्र हे लागू पडत नाही, कारण तिथे घटण्यासारखी गोडीच नसते.

भुकेबद्दल स्वयंनिर्धारण सिद्धांताला सांगण्यासारखे फारसे नाही. त्याचा विषय मानसिक गरजांचा आहे. पोट रिकामे असताना स्वायत्तता थांबून राहते का, हा प्रश्न म्हणूनच अशा तुलनेच्या निबंधात टाळता येत नाही. लुई टे आणि एड डीनर या मानसशास्त्रज्ञांनी १२३ देशांतल्या माहितीवरून २०११ साली जो अभ्यास मांडला, त्यात गरजा साधारणपणे मॅस्लो यांच्या क्रमाच्या जवळपासच भागत जातात असे दिसले. मात्र आपुलकी, आदर किंवा स्वायत्तता यांतून मिळणारे समाधान हे खालच्या गरजा आधी पूर्ण भागण्यावर फारसे अवलंबून नव्हते.