समोरच्या दुकानाला एक तारा

श्रोतेहो, नमस्कार. आधी एक मजकूर ऐका. ‘खवा भेसळीचा. वजनात मारतात. माझ्या मुलाला पेढे खाऊन विषबाधा झाली. पेढ्याला चव नाही, नुसता साखरेचा गोळा. या दुकानात कुणी जाऊ नका.’

हा मजकूर इंटरनेटवर रिव्ह्यू म्हणून टाकायला एका मिठाईवाल्यांनी लिहून आणला होता, रस्त्यापलीकडच्या मिठाईवाल्याबद्दल. मी वकील, म्हणून माझ्याकडे आले. म्हणाले, “मॅडम, जरा धार लावून द्या. फक्त मी अडकता कामा नये. भाच्याच्या मोबाइलवरून टाकणार आहे.” हे गृहस्थ कोण, कुठले, ते सोडून द्या. दिवाळीच्या आधी असे बरेच जण भेटतात. त्यांचा मजकूर मात्र आज वाक्यावाक्यानं उघडून बघू, कारण टीका कुठं संपते आणि बदनामी कुठं सुरू होते, ते या पाच वाक्यांत नीट दिसतं.

सगळ्यात जहरी वाटणारं वाक्य खरं तर सगळ्यात सुरक्षित आहे: ‘पेढ्याला चव नाही, नुसता साखरेचा गोळा.’ हे मत झालं. पैसे मोजून खाल्लेल्या पेढ्याबद्दल माणूस हवं तितकं कडवट बोलू शकतो. ‘कुणी जाऊ नका’ हाही सल्लाच. त्यात धार हवी असेल तर शिव्या नकोत, तपशील हवा. साखर दाताखाली करकरते, खव्याला करपल्याचा वास आहे, वेलची फक्त वरून भुरभुरलेली आहे. असं लिहिलं की वाचणाऱ्याला कळतं, की यानं खरंच खाल्लंय.

आता ‘वजनात मारतात’. हे मत नव्हे, आरोप आहे, आणि तोही रोज, सगळ्यांना, मुद्दाम असा. मी विचारलं, “शेठ, हे कशावरून?” तर म्हणाले, “तो खोक्यासकट तोलतो. सगळ्यांना ठाऊक आहे.” आता हे महत्त्वाचं आहे. मिठाईचं वजन खोका वगळून द्यायला हवं. समजा पेढे सहाशे रुपये किलो आहेत आणि अर्ध्या किलोत साठ ग्रॅमचा पुठ्ठ्याचा खोका तोलला गेला. म्हणजे गिऱ्हाइकानं पुठ्ठ्याचे छत्तीस रुपये दिले. हे सिद्ध करणं अवघड नाही. काट्यावर रिकामा खोका ठेवल्यावर आकडा शून्यावर आणला का, ते बघायचं. बिल घ्यायचं, रिकामा खोका पुन्हा तोलून फोटो काढायचा. मग वाक्य असं होतं: ‘अमुक तारखेला अर्धा किलो पेढे घेतले, खोक्याचे साठ ग्रॅम त्यातच धरले.’ यात ‘मारतात’ नाही, ‘चोर’ नाही, तरी दुकानदाराला झोंबेल, आणि कोर्टात टिकेल. शिवाय तेच बिल जोडून वैधमापन शास्त्र विभागाकडे तक्रार करता येते.

मी सहज विचारलं, “तुमच्याकडे खोका कसा तोलता?” तर शेठ खिडकीबाहेर बघायला लागले.

भेसळीचं वाक्य सगळ्यात धोक्याचं. भेसळ हा गुन्हा आहे, म्हणजे तुम्ही समोरच्याला गुन्हेगार म्हणताय. शेठजींकडे पुरावा होता म्हणे! पलीकडचे गुलाबजाम आणून त्यावर टिंक्चर आयोडीनचे थेंब टाकले, रंग निळा झाला. खव्यात पीठ किंवा स्टार्च मिसळलंय का, हे बघायला आयोडीन वापरतात, ही गोष्ट खरी. पण गुलाबजामच्या गोळ्यात मैदा असतोच. तो निळा होणारच, शेठजींचा स्वतःचाही होईल. चाचणी खरी, पण पदार्थ चुकीचा.

अशीच एक गोष्ट मुंबई उच्च न्यायालयात गाजली होती. एका यूट्यूबरनं पॅराशूट खोबरेल तेलाची दुसऱ्या तेलांशी तुलना करून व्हिडिओ टाकला. कंपनी कोर्टात गेली. २०२० च्या जानेवारीत एका न्यायमूर्तींनी व्हिडिओ हटवायला सांगितला. वेगवेगळ्या जातीच्या तेलांची तुलना करून काढलेला निष्कर्ष, हा त्यातला मोठा आक्षेप होता. पुढं अपिलात त्या आदेशाला स्थगिती मिळाली, हेही सांगायला हवं. म्हणजे न्यायमूर्तींचंही एकमत होत नाही इतकी ही रेघ बारीक आहे. तिथं घरगुती प्रयोगावर ‘भेसळ’ हा शब्द टांगणं मला तरी शहाणपणाचं वाटत नाही.

खरंच संशय असेल तर रस्ता आहे. अन्नसुरक्षा व मानके कायदा, २००६ च्या कलम ४० प्रमाणे साधा गिऱ्हाईकही फी भरून अन्न विश्लेषकाकडून नमुना तपासून घेऊ शकतो. फक्त विकत घेतानाच दुकानदाराला सांगायला लागतं, की हे मी तपासायला देणार आहे. बरेच जण इथंच चुकतात. गुपचूप आणलेल्या पुडीचा या कलमाखाली उपयोग नाही. अहवाल हातात आल्यावर अहवालात आहे तेवढंच लिहा.

विषबाधेचं वाक्य मी जास्त ताणत नाही. शेठजींच्या मुलानं तिथला पेढा खाल्लाच नव्हता. संपलं. पण खरंच उलट्या झालेल्या गिऱ्हाइकानंही सांभाळून लिहावं. काही विषबाधा दोन-चार तासांत दिसतात, काही दोन-तीन दिवसांनी. मधल्या काळात पाणीपुरीही खाल्लेली असते. ‘पेढे खाल्ले, त्या रात्री उलट्या झाल्या’ एवढं आपल्याला माहीत असतं. ‘पेढ्यांमुळे’ हे डॉक्टर आणि प्रयोगशाळा सांगेल.

इथं शेठ म्हणाले, “बरं, मग नाव घेत नाही. बसस्टँडसमोरचं दुकान म्हणतो. आणि भेसळ आहे म्हणत नाही, ‘भेसळ तर नाही ना?’ असं विचारतो.” ही युक्ती फार लोकांना सुचते आणि फार लोकांना गोत्यात आणते. वाचणाऱ्याला दुकान ओळखता आलं की पुरे, मग नाव असो नसो. आणि प्रश्नचिन्हानं आरोप पुसला जात नाही. अब्रुनुकसानी आता भारतीय न्याय संहितेच्या कलम ३५६ मध्ये आहे. दोन वर्षांपर्यंत साधी कैद, दंड, दोन्ही किंवा समाजसेवा. कंपनीचीही बदनामी होऊ शकते. आणि फौजदारीत नुसतं ‘खरं आहे’ म्हणून भागत नाही, ते सांगणं लोकहिताचं होतं हेही दाखवायला लागतं. दिवाणी दाव्यात मात्र सत्य हा पुरेसा बचाव आहे.

पण समजा पाचही वाक्यं खरी असती, तरी मी हा मजकूर लिहून दिला नसता. कारण भाच्याच्या मोबाइलवरून गिऱ्हाईक म्हणून बोलणार होता तो प्रतिस्पर्धी. वाचणारा ते गिऱ्हाइकाचं म्हणून वाचतो. ती सहीच खोटी. त्यात समोरच्याचा धंदा पडावा म्हणून हे लिहिलंय, हे लपवलेलं. प्रतिस्पर्ध्याचा माल खोटी किंवा दिशाभूल करणारी माहिती देऊन हिणवणं ही २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यात अनुचित व्यापारी प्रथा आहे. इंटरनेटवरून माल विकणाऱ्यांना तर गिऱ्हाईक असल्याचं भासवून रिव्ह्यू टाकायला २०२० च्या नियमांत सरळ मनाई आहे.

स्वतःच्या नावानं बोलायला शेठजींना कोण अडवतंय? ‘गावातला सगळ्यात चविष्ट पेढा’ अशी पाटी लावा, व्यापारात एवढी फुशारकी चालते. ‘आमच्याकडे खोक्याचं वजन धरत नाही’ लिहा, तेही खुशाल, मात्र आधी काटा शून्यावर आणायची सवय गल्ल्यावरच्या पोराला लावा. ‘समोरच्यासारखा भेसळीचा नाही’ एवढं नको.

आणि आता जे श्रोते खरोखरचे गिऱ्हाईक आहेत, त्यांच्यासाठी. खरा रिव्ह्यू लिहिल्यावर दुकानदाराच्या वकिलाची नोटीस आली तर घाबरून सगळं पुसू नका. नोटीस म्हणजे निकाल नव्हे. मजकुराचा स्क्रीनशॉट, बिल, फोटो एकत्र ठेवा. आपल्याच वाक्यांना विचारा: हे मी पाहिलं, की मी अंदाज केला? अंदाजाचं वाक्य दुरुस्त करा, पाहिलेलं राहू द्या, आणि नोटिशीला मुदतीत लेखी उत्तर पाठवा, बिलाची प्रत जोडून.

नमस्कार.