पत्त्यातलं अधिकचं चिन्ह

नमस्कार श्रोतेहो. मी शाळेत विज्ञान शिकवते. सहावी अ, सातवी अ आणि आठवी ब असे तीन वर्ग माझ्याकडे आहेत. मुलांचे स्वाध्याय आणि पालकांची पत्रं मला ईमेलवर येतात, दोन्ही एकाच पेटीत. ती वर्गवार कशी लावायची ते आज सांगते. माझं खातं जीमेलचं आहे, म्हणून त्यातलंच सांगेन.

पण आधी कांजिण्यांची गोष्ट. ती सांगितल्याशिवाय मला पुढे जाताच येत नाही.

दोन वर्षांपूर्वी मी एक नियम केला होता आणि स्वतःवरच खूश होते. ज्या मेलला काही जोडलेलं असेल तो स्वाध्याय, असं मी धरून चालले. जोडलेलं दिसलं की मेल ‘स्वाध्याय’ या कप्प्यात टाक, समोरच्या इनबॉक्समध्ये दाखवू नकोस, आणि वाचला म्हणून खूण कर. ही शेवटची खूण मी उगाच केली. कप्प्याच्या नावापुढे न वाचलेल्यांचा आकडा ठळक दिसायचा आणि तो मला खुपायचा. शनिवारी दुपारी चहा घेऊन बसायचं, कप्पा उघडायचा आणि तपासायला लागायचं, असा माझा बेत.

सातवीतला एक मुलगा सोमवारपासून आला नाही. मी हजेरीत गैरहजर मांडत राहिले. तो आठवडा माझ्याकडे विज्ञान प्रदर्शनाची धावपळ होती, त्यामुळे शनिवारची बैठकही हुकली. दहा-बारा दिवसांनी तो वर्गात आला. गालावर खपल्यांचे डाग. आणि मी काय विचारावं? “स्वाध्याय कुठाय?” तो म्हणाला, “मॅडम, आईनं मेल केलाय.” मला वाटलं, थाप आहे. म्हटलं, “आईला उद्या भेटायला सांग.”

आई एसटीत कंडक्टर. ड्यूटी बदलून घेऊन आली, अंगावर खाकी तशीच. वाद घातला नाही, आवाज चढवला नाही. फोन काढला आणि माझ्यासमोर धरला. पहिल्याच सोमवारी रात्री सव्वानऊला पाठवलेला मेल. सोबत डॉक्टरांच्या चिठ्ठीचा फोटो. खाली लिहिलेलं, “याला कांजिण्या झाल्यात. शेजारी बसणाऱ्या मुलाच्या घरी कृपया कळवा, त्यांच्याकडे तान्हं बाळ आहे.”

मी लॅपटॉप उघडला. स्वाध्यायाचा कप्पा. पेशींच्या आकृत्यांचे फोटो, एक आडवा, एक उलटा, एकात अर्धी आकृती आणि अर्धी सतरंजी. त्यांच्या मधोमध डॉक्टरांची चिठ्ठी. वाचल्याची खूण केलेली.

बाळाला काही झालं नाही. मी त्याच मिनिटाला त्यांच्या घरी फोन लावला होता, पण तो दहा-बारा दिवस उशिरा लावलेला फोन होता. ती बाई जाताना एवढंच म्हणाली, “मॅडम, फोन करायला हवा होता मी. मेल केला की पोचलं असं वाटतं.”

आता जाता जाता बोलतेच, हे आकृत्यांचे फोटो मला मुळात पसंत नाहीत. पेन्सिलीनं काढलेली आकृती वहीत बघावी. बोट फिरवलं की कळतं किती वेळा खोडलंय. पण वह्यांचा गठ्ठा घरी न्यायचा म्हणजे खांदा जातो, तेही खरं. असो.

तर माझं चुकलं कुठे? जोडलेलं आहे म्हणजे स्वाध्याय, हे मी धरलं. चिठ्ठीही जोडलेलीच असते, लग्नपत्रिकाही जोडलेलीच असते. बरं, मग पाठवणाऱ्याच्या पत्त्यावरून ओळखावं? तेही नाही. सातवीच्या मुलाचं स्वतःचं खातं नसतं, तो आईच्याच फोनवरून पाठवतो. म्हणजे स्वाध्याय आणि चिठ्ठी एकाच पत्त्यावरून येणार. पुन्हा सांगते, कोणाकडून आलं यावरून कळत नाही, काय जोडलंय यावरूनही कळत नाही. मग उरतं काय? कुठल्या दारानं आलं ते.

आणि दार वेगळं करता येतं. जीमेलच्या पत्त्यात तुमच्या नावानंतर, @ च्या आधी, अधिकचं चिन्ह घालून पुढे काहीही लिहिलं तरी मेल तुम्हालाच येतो. नवं खातं काढावं लागत नाही. मी सातवी अ साठी नावापुढे `+7a` लावलं, आठवी ब साठी `+8b`. मुलांना सांगितलं, स्वाध्याय फक्त या पत्त्यावर. पालकांना सांगितलं, तुमचं पत्र नेहमीच्या साध्या पत्त्यावर.

आता नियम. हा फोनच्या ॲपमध्ये होत नाही, संगणकावर ब्राउझरमध्येच करावा लागतो. वर शोधायची जी पट्टी असते तिच्या उजव्या टोकाच्या खुणेवर क्लिक करा. To च्या रकान्यात तो `+7a` वाला पूर्ण पत्ता टाका, मग Create filter. पुढच्या पानावर तीन ठिकाणी टिक करायची: Skip the Inbox, Apply the label आणि Never send it to Spam. लेबलचं नाव ‘७अ स्वाध्याय’. Mark as read ला हात लावायचा नाही. तो ठळक आकडा खुपू दे, त्याचं कामच ते आहे.

पालकांसाठी दुसरा नियम. From च्या रकान्यात सातवी अ च्या पालकांचे पत्ते, प्रत्येक दोघांमध्ये मोठ्या अक्षरात OR. लेबल ‘७अ पालक’. आणि इथे Skip the Inbox वर टिक करायची नाही. परत सांगते, पालकांचं पत्र इनबॉक्समधून हलवायचं नाही. त्याला नुसतं लेबल लागतं, ते समोरच राहतं.

मी कप्पा कप्पा म्हणते, पण हे डाळीच्या डब्यासारखं नाही. डाळ एकाच डब्यात राहते. इथे एका मेलला दोन लेबलं लागू शकतात. एका पालकाची थोरली आठवीत, धाकटा सातवीत, तर त्यांचं पत्र दोन्हीकडे दिसेल. आईच्या फोनवरून आलेल्या स्वाध्यायालाही ‘पालक’ हे लेबल लागेल. लागू दे.

चुका होतातच. कोणी अधिकचं चिन्ह विसरतं, मग स्वाध्याय सरळ इनबॉक्समध्ये येतो. तुम्ही उत्तर पाठवलंत की ते साध्या पत्त्यावरून जातं, म्हणून मुलानं त्यावर पाठवलेली दुरुस्त आकृतीही इनबॉक्समध्येच येते. हाताने लेबल लावायचं, दहा सेकंदांचं काम. चूक समोर दिसतेय तोवर मला तिची भीती नाही. उलट्या बाजूची चूक, म्हणजे पालकांनी पत्र `+7a` वर धाडलं, ती मात्र लपते. म्हणून तो कप्पा मी आता शनिवारी नाही, रोज संध्याकाळी उघडते आणि फक्त विषयाच्या ओळी वाचते.

जूनमध्ये शाळा उघडली, मुलं आठवीत गेली, की एक काम राहतं. पालकांच्या फोनला जुना पत्ता पाठ झालेला असतो, दोन अक्षरं लिहिली की तो स्वतःच पुढे करतो. त्यामुळे जुलैपर्यंत `+7a` वर काहीबाही येत राहतं. तो नियम काढून टाकू नका. त्याची Skip the Inbox ची टिक तेवढी काढा. गेल्या जुलैत त्याच दारानं कंडक्टर बाईंचा मेल आला, धाकटीला गालगुंड झालंय म्हणून. इनबॉक्समध्ये सगळ्यात वर होता.