मोदकावरचे टोमणे

नमस्कार श्रोतेहो.

चतुर्थीच्या दिवशी कोकणातल्या भरल्या घरात नैवेद्याची घाई असते, आणि त्याच घाईत टोमण्यांनाही ऊत येतो. सिंधुदुर्गातल्या आमच्या घरचा एक प्रसंग आज सांगणार आहे. माझ्या दोन भावांच्या दोन मुली, चुलत बहिणी. थोरली गावात राहते, तिला सगळे माई म्हणतात. धाकटी मुंबईची, ती घरात बाय. चाकरमान्यांच्या गर्दीतून आदल्या रात्री ती घरी पोहोचली आणि सकाळी आंघोळ करून सरळ स्वयंपाकघरात आली. बाहेर पुरुषमंडळी माटवीला कवंडळं आणि नारळ बांधत होती. आत या दोघी मोदकांना बसल्या. बायने उकड घेतली, माईने सारण.

पहिला टोमणा माईचा. बायने पारी केली, सारण भरलं, कळ्या घातल्या, पण तोंड मिटायच्या आधीच मोदकाच्या पोटाला चीर गेली. दुसऱ्याचंही तेच. माईने ते दोन्ही उचलून सगळ्यांना दाखवले आणि म्हणाली, “आत्ये, बघ गो, मुंबैचे मोदक दात काढून हसतत.”

बायने दोष पिठावर ढकलला. येताना ती दुकानातून मोदकपिठाचं पाकीट घेऊन आली होती. पिठाचा दोष थोडा होताच. घरचं पीठ कसं असतं? सुवासिक तांदूळ धुऊन सावलीत वाळवायचा आणि बारीक दळून आणायचा. नव्या तांदळाला चिकटपणा असतो, म्हणून उकड लवचिक होते. जुन्या तांदळाच्या पिठाला पाणी जास्त लागतं. बायने मात्र नेहमीच्या मापाने दोन वाट्या पिठाला दोन वाट्या पाणी घेतलं होतं. त्यात चिमूटभर मीठ आणि चमचाभर लोणी घालून उकळी आणली, पीठ घालून उलथन्याच्या दांड्याने ढवळलं, झाकण ठेवून वाफ काढली. इथवर सगळं बरोबर. पण पुढे परातीत काढल्यावर हात पोळतो म्हणून तिने उकड निवू दिली आणि मग जेमतेम एकत्र केली. माईच्या नजरेतून हे सुटलं नव्हतं. ती म्हणाली, “उकड हा ती. मळूक व्हयी, कुरवाळूक नको.”

हे वाक्य मला फार आवडलं, कारण फाटण्याचं खरं कारण त्यात आहे. उकड गरम असतानाच मळावी लागते. हात पोळत असेल तर आधी वाटीच्या बुडाने रगडावी, मग पाण्याचा हात लावून तळव्याने मळावी, शेवटी थोडं तेल लावावं. तयार झाली की नाही हे कळायला सोपी खूण आहे. लिंबाएवढी गोळी घेऊन तळहातांत दाबायची. कडा गुळगुळीत राहिल्या तर उकड झाली. कडेला भेगा पडल्या तर पाणी आणि मळणं, दोन्ही कमी पडलंय. उकड हाताला चिकटून ओढली जात असेल तर पाणी जास्त झालंय, तेव्हा तिला कोरड्या पिठाचा हात लावून पाहावा, पण बेताने, नाहीतर मोदक वाफवल्यावर कडक होतात.

बायची उकड तोवर गार झाली होती. माईने ती ओल्या फडक्यात बांधून मोदकपात्रात पाच मिनिटं वाफवली, पाण्याचा शिपका मारला आणि परात बायच्या पुढ्यात सरकवली. स्वतः मळून दिली नाही. “आता मळ,” एवढंच म्हणाली. बायचे तळवे लाल झाले, पण पुढची पारी फाटली नाही.

आता पाळी बायची. एवढ्या वेळात माईचं सारण चुलीवर राहून गेलं होतं. सारणाचं आमचं माप म्हणजे दोन वाट्या ओलं खोबरं आणि एक वाटी चिरलेला गूळ. खोबरं आडाळ्यावर खवताना पांढरं तेवढंच घ्यायचं, करवंटीजवळचं तपकिरी खरवडायचं नाही. गूळ साधा घ्यावा, चिकीचा घेतला तर सारण दगड होतं. मंद आचेवर ठेवलं की आधी गूळ सुटून सगळं पातळ होतं, मग हळूहळू आळतं. उलथनं फिरवल्यावर कढईचा तळ क्षणभर स्वच्छ दिसला आणि चिमटीतलं सारण मऊ गोळीसारखं वळलं की लगेच उतरवायचं. किंचित ओलसर वाटलं तरी हरकत नाही, कारण निवताना ते आणखी आळतं. वेलची आणि जायफळ उतरवल्यावर घालायचं. माई उकडीच्या नादात तिथून उठली, आणि गूळ पाकावर गेला.

बायने एक गोळी तोंडात टाकली, चावून पाहिली आणि माईच्याच बोलीत म्हणाली, “माई, कापूक आडाळो आणू काय?” मग माझ्याकडे वळून म्हणाली, “आत्या, हे सारण काकांना देऊ नका. आहेत ते चार दातही जातील.”

माई गप्प झाली. खरं तर हा घाव वर्मी बसला होता, कारण सारणाबाबत तिचा शब्द घरात शेवटचा असतो. पण बाय तेवढ्यावर थांबली नाही. तिने कढई परत चुलीवर ठेवली, दोन चमचे दूध आणि मूठभर ताजं खोबरं घातलं, आच अगदी बारीक केली आणि सारण मोकळं होईपर्यंत हलवत राहिली. पाक नुकताच पुढे गेलेला असेल तर हे जमतं. गूळ करपून कडवट झाला असता तर मात्र कढई रिकामी करण्यावाचून इलाज नव्हता.

मला वाटतं, नुसतं बोचणारं बोलणं आणि घरातला टोमणा यात इथेच फरक पडतो. “तुला येत नाही” असं दोघींपैकी एकीनेही म्हटलं नाही. प्रत्येक टोमण्यात नेमकं काय चुकलं ते होतं, आणि टोमणा मारणारीचे हात लगेच त्या कामाला लागत होते. सासुरवाशिणी, लेकी, नाती वर्षातून एकदा एका चुलीभोवती बसतात. एरवी हे बारकावे एकमेकींना कोण आणि कधी सांगणार?

शेवटी कळ्यांवरून जुंपली. पारी मध्ये जाडसर आणि कडेला पातळ असेल, आणि चिमटी कडेवरच न थांबता बुडापर्यंत नेली, तर कळी उठून दिसते. बायने अकरा कळ्या घातल्या, माईने पंधरा. मोदक पाण्यात बुडवून हळदीच्या पानावर ठेवले आणि बारा मिनिटांनी झाकण काढलं. वरून चकाकी आली होती, ओलं बोट लावलं तर चिकटत नव्हतं. माईच्या एका मोदकाचं नाक वाकडं झालं होतं. बायने तोच वाढून घेतला आणि म्हणाली, “हा अगदी तुझ्यावर गेलाय.”

उरलेल्या उकडीत मिरची, जिरं, कोथिंबीर मळून माई निवगऱ्या थापायला बसली होती. मान वर न करता म्हणाली, “गौरीक पातोळ्यो तू कर. पान फाटला तर माझ्याकडे येव नको.”