वजनाला नव्हे, उंचीला विचारा

नमस्कार श्रोतेहो.

आज मला बोलायचं आहे ते नव्वद, शंभर, एकशेदहा किलो वजन असलेल्या आणि चरबी उतरवायचं मनावर घेतलेल्या मंडळींशी. प्रश्न एकच. दिवसाला प्रथिनं किती ग्रॅम खायची? तुम्ही ज्याला प्रोटीन म्हणता, तेच.

मोबाइलवर, जिममध्ये, मित्रांच्या कट्ट्यावर एक हिशेब सगळीकडे ऐकू येतो: वजन गुणिले दोन. सत्तर किलोच्या, रोज वजनं उचलणाऱ्या तरुणाला तो चालून जातो. पण तुमचं वजन नव्वद-शंभर किंवा त्याच्या पुढे असेल, तर तो हिशेब तुमच्यासाठी नाही. पुन्हा सांगते, आजच्या वजनाला गुणायचं नाही.

कारण थोडक्यात सांगते. प्रथिनं लागतात ती स्नायूंना, यकृताला, रक्ताला, त्वचेला, म्हणजे जिथे रोज मोडतोड आणि दुरुस्ती चालते तिथे. चरबी हा बहुतेक साठा असतो. घरात धान्याची पोती वाढली म्हणून पंगतीला पानं जास्त मांडावी लागत नाहीत. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने २०२० साली निरोगी प्रौढासाठी दर किलोला ०.८३ ग्रॅम प्रथिनं सांगितली, तीही नेमस्त वजनाचा माणूस डोळ्यांपुढे ठेवून. वजन उतरवताना मात्र आपण गरजेपेक्षा कमी खातो, आणि शरीर चरबीबरोबर स्नायूही मोडायला लागतं. ते कमीत कमी व्हावं म्हणून प्रथिनं वाढवायची. पण कोणत्या वजनावर, ते महत्त्वाचं.

आता मी तुम्हाला मिरजेच्या एका काकूंची हकीकत सांगते. काकू विद्यार्थ्यांची खानावळ चालवतात. वय सेहेचाळीस, उंची १५५ सेंटीमीटर म्हणजे पाच फूट एक इंच, वजन १०४ किलो. गुडघे दुखायला लागले तेव्हा मुलाने मनावर घेतलं. मुलगा जिमला जाणारा, आईवर जीव असलेला. त्याने वहीत लिहून दिलं: आई, तुला रोज २०८ ग्रॅम प्रोटीन हवं.

काकूंनी शब्द खाली पडू दिला नाही. नेहमीचं जेवण होतंच, त्यावर आठ अंड्यांचं पांढरं, दोनशे ग्रॅम पनीर, शंभर ग्रॅम सोयाबीनच्या वड्या आणि डब्यातल्या पावडरीचे दोन चमचे, ते मोठे मापाचे. बेरीज करून पाहा, दोनशेच्या वर जाते. जातेच. पण त्याबरोबर रोजच्या जेवणावर साधारण तेराशे कॅलरी चढल्या, सगळ्यात जास्त पनीरच्या. पोट फुगायला लागलं. भाजी आणि कोशिंबीर पानातून मागे पडली, कारण जागाच उरत नव्हती. पाठोपाठ बद्धकोष्ठ. तीन आठवड्यांनी काटा दीड किलो वर सरकलेला.

माझ्याकडे आल्या तेव्हा पहिलं वाक्य हे, "ताई, एवढं मीच खाल्लं तर पोरांना काय वाढू?"

मी त्यांना उंची विचारली. एकशेपंचावन्न. त्यातून शंभर वजा करा, राहिले पंचावन्न, हे साधारण नेमस्त वजन. पंचावन्नला दीडने गुणा, साडेब्याऐंशी. झालं, रोजचं लक्ष्य ऐंशी ग्रॅम. कुठे दोनशेआठ आणि कुठे ऐंशी!

पडताळून पाहायची दुसरी रीत आहे, तीही त्यांच्यासमोर केली. नेमस्त वजन पंचावन्न. प्रत्यक्ष वजन त्याहून एकोणपन्नास किलोने जास्त. या जास्तीच्या वजनात सगळी चरबी नसते, ते ओझं वाहून वाहून पायांचे स्नायूही थोडे वाढलेले असतात. म्हणून जास्तीचा चौथा हिस्सा धरायचा, साधारण बारा किलो. पंचावन्न आणि बारा, सदुसष्ट. त्याला १.२ ने गुणलं की पुन्हा ऐंशी. दोन वाटांनी एकाच ठिकाणी आलो, तेव्हा काकूंचा विश्वास बसला.

मग मी विचारलं, मुलाने वही देण्याआधी तुम्ही काय खात होतात? म्हणाल्या, सकाळी पोहे, दुपारी दोन भाकरी, भाजी, वरण, रात्री भात, आमटी, एक भाकरी. वर पुढे म्हणाल्या, "वरण दोन्ही वेळा वाटी वाटी असतं, प्रथिनं कमी कशी पडतील?" मी म्हटलं, वाटीत किती डाळ असते? आणि इथे काकूंनी जे उत्तर दिलं, ते मी प्रत्येक वर्गात सांगते. म्हणाल्या, "ताई, मी वाटी मोजत नाही, डाळ मोजते. किलोभर तूरडाळीत चाळीस ताटं निघतात."

किलोला चाळीस! म्हणजे एका वाटीत पंचवीस ग्रॅम डाळ. शंभर ग्रॅम तूरडाळीत बावीस ग्रॅम प्रथिनं, तेव्हा त्या वाटीत साडेपाच ग्रॅम. बाकी सगळं पाणी. काकू स्वतःच गप्प झाल्या, मग बोटांवर मोजायला लागल्या. दिवसाची बेरीज चाळीसच्या आसपास आली. लक्ष्याच्या निम्मी. म्हणजे मुलगा एका टोकाला आणि रोजचं ताट दुसऱ्या टोकाला.

ही खानावळवाल्या बाईची दृष्टी मला फार मोलाची वाटते. पूर्वी घरोघरी चिपटं, मापटं, शेर असायचे. किती माणसांना किती तांदूळ हे हातालाच ठाऊक असायचं. आता स्वयंपाकघरात नक्षीदार वाट्यांचे सेट आहेत, एकाची वाटी दुसऱ्याच्या वाटीशी जुळत नाही, आणि माप कुठेच नाही. माझं तर मत आहे की लग्नात डिनर सेट देण्याऐवजी एक साधा वजनकाटा द्यावा. वर्षभर उपयोगी पडेल. असो.

तर कच्चं मोजा. डाळ कच्ची मोजा, वड्या कोरड्या मोजा, चिकन शिजायच्या आधी मोजा. शिजल्यावर पाणी कमी-जास्त होतं आणि हिशेब फसतो.

काकूंचं नवं पान असं बसलं. सकाळी तीन अंडी, पिवळ्यासकट, आणि एक पोळी, थोडं दूध घातलेला चहा: तेवीस ग्रॅमच्या आसपास. दुपारी एकच भाकरी, चाळीस ग्रॅम मटकीची घट्ट उसळ, पालेभाजी, वाटीभर दही: बावीस. चार वाजता मूठभर फुटाणे: सहा. रात्री तीस ग्रॅम सोयावड्यांचा रस्सा, एक भाकरी, ती साडेपाच ग्रॅमवाली वरणाची वाटी: सव्वीस-सत्तावीस. बेरीज अठ्ठ्याहत्तर. ऐंशीला लागून आहे, पुरे. रविवारी वड्यांच्या जागी सव्वाशे ग्रॅम चिकन. सोमवारी-गुरुवारी अंडी नाहीत, तेव्हा सत्तर ग्रॅम पनीर आणि एक पेला दूध. पावडर पूर्ण बंद. डबा मुलाने संपवला.

काय कमी केलं तेही ऐका, कारण प्रथिनं वाढवून चरबी आपोआप जळत नाही. कमी करावं लागतं ते एकूण खाणं. एक भाकरी गेली, रात्रीचा भात गेला, रश्श्यावरची तर्री गेली, चहातली साखर गेली, आणि भांड्यापाशी उभ्याने चव बघत खाल्लं जाणारं गेलं. खानावळीत ते शेवटचं सगळ्यात जड असतं.

सहा महिन्यांत वजन १०४ वरून ९३ वर आलं. पण काकू काट्याचं सांगतच नाहीत. त्या सांगतात, भाताचं मोठं पातेलं अजून एकटीने उतरवते आणि हात न टेकता पाटावरून उठते. मला हेच ऐकायचं होतं. वजन उतरतंय आणि ताकद टिकून आहे, म्हणजे जातेय ती बहुतेक चरबीच. उलट वजन भराभर उतरतंय, कंबरेचा टेप मात्र हलत नाही, जिना चढताना पाय लटपटतात, तर प्रथिनं कमी पडताहेत किंवा एकूण खाणंच फार तोडलंय. सोबत स्नायूंना काम हवं. खुर्चीवरून हात न लावता उठणं-बसणं, आठवड्यात दोन-तीन दिवस, एवढ्यापासून सुरुवात करा. नुसत्या चालण्यावर स्नायू टिकवण्याची भिस्त ठेवू नका.

लिहून घेणाऱ्यांसाठी पुन्हा सांगते. उंची सेंटीमीटरमध्ये. त्यातून शंभर वजा. उरलेल्याला दीडने गुणा. पाच फुटांपेक्षा बुटके असाल तर वजाबाकीनंतर दोन-तीन किलो वाढवून धरा. आकडा दहा ग्रॅमने इकडेतिकडे झाला तर बिघडत नाही. तीन-चार वेळच्या खाण्यात वाटून घ्या, मोठ्या जेवणाला वीस-पंचवीस ग्रॅम. आणि वजन उतरत गेलं म्हणून आकडा दर महिन्याला बदलू नका. उंची बदलत नाही, लक्ष्यही तेच राहतं. काकूंचं १०४ किलोला ऐंशी होतं, ९३ ला ऐंशीच आहे.

उपवासाचं विचारणारे फोन येतात. साबुदाण्यात प्रथिनं जवळजवळ नसतातच, खिचडीत जे असतं ते दाण्याच्या कुटाचं. त्या दिवशी दही, दूध, पनीर घ्या. आणि आठवड्यात तीन-तीन उपवास धरत असाल तर वजन उतरवायच्या या काळात एकावर या, असं मी स्पष्टच सांगते.

आता ज्यांनी हा हिशेब स्वतःच्या मनाने लावायचा नाही, ते. मूत्रपिंडाचा विकार असेल, तर प्रथिनं वाढवायची नाहीत. शंभर किलोच्या पुढच्या कित्येकांना मधुमेह किंवा रक्तदाब असतो, आणि मूत्रपिंडाला झालेली इजा बराच काळ जाणवत नाही. म्हणून त्यांनी आधी दोन तपासण्या करून घ्या, रक्तातलं क्रिएटिनिन आणि लघवीतलं अल्ब्युमिन. दोन्ही अहवाल डॉक्टरांना दाखवा, आणि मगच सोयावड्यांची पिशवी उघडा.

नमस्कार.