दोन खऱ्या फ्रेम आणि मधली अंदाजाची

[दृश्य: तारेच्या कुंपणासमोरून धावणारे खेळातले पात्र, वरच्या कोपऱ्यात बदलते गुण]

आपल्यासमोर एका मोबाइल खेळातला साधा प्रसंग आहे. एक पात्र तारेच्या कुंपणासमोरून धावत आहे आणि वर कोपऱ्यात त्याचे गुण वाढत आहेत. हा प्रसंग १९२० गुणिले १०८० पिक्सेलांत, सेकंदाला ६० फ्रेम या गतीने दाखवायचा असेल, तर फोनमधल्या जीपीयूला, म्हणजे चित्र काढणाऱ्या भागाला, एका फ्रेमसाठी जेमतेम १६.७ मिलिसेकंद मिळतात आणि तेवढ्या अवधीत २०,७३,६०० पिक्सेलांचे रंग ठरवावे लागतात. हे काम हलके करण्यासाठी नव्या चिपमध्ये दोन सोयी दिल्या जातात, अपस्केलिंग आणि फ्रेम जनरेशन. सेटिंगमध्ये त्या बहुधा शेजारीशेजारी असतात, पण चित्रावर आणि बॅटरीवर त्यांचा होणारा परिणाम अगदी वेगळा आहे.

अपस्केलिंगमध्ये खेळ आतल्या आत लहान चित्र काढतो, समजा १२८० गुणिले ७२०, आणि मग ते पडद्याच्या मापाचे केले जाते. लहान चित्रात ९,२१,६०० पिक्सेल असतात, म्हणजे रंगकाम निम्म्याहूनही कमी होते. क्वालकॉमने २०२३ मध्ये आणलेल्या स्नॅपड्रॅगन गेम सुपर रेझोल्यूशनची पहिली आवृत्ती फक्त समोरची एक फ्रेम पाहते आणि तिच्यातल्या कडा ओळखून त्या धारदार करते. ही पद्धत स्वस्त आहे, पण लहान चित्रात जी तार उमटलीच नाही ती मोठ्या चित्रात कुठून येणार? आपल्या प्रसंगातले कुंपण त्यामुळे तुटक दिसते आणि कॅमेरा हलला की लुकलुकते.

आर्मची अ‍ॅक्युरसी सुपर रेझोल्यूशन ही पद्धत, जी एएमडीच्या एफएसआर २ वर आधारलेली आहे, आधीच्या फ्रेमही वापरते. खेळ प्रत्येक फ्रेमला कॅमेरा एका पिक्सेलपेक्षाही कमी अंतराने सरकवतो, त्यामुळे तार एका फ्रेममध्ये निसटली तरी पुढच्या एखाद्या फ्रेममध्ये सापडते. कोणता पिक्सेल कुठून कुठे गेला याची नोंद खेळ स्वतः पुरवतो आणि त्या नोंदीच्या आधारे जुनी माहिती नव्या जागी बसवली जाते. काही फ्रेम जमल्या की कुंपण जवळजवळ मूळ चित्राइतके स्वच्छ दिसते. चुकते ते पात्राच्या पाठीमागे. धावणाऱ्या पाठीआडून कुंपणाचा जो भाग नुकताच उघडा पडतो, त्याचा पूर्वेतिहास उपलब्धच नसतो, म्हणून तिथे क्षणभर रखरखीत पट्टा दिसतो. धूर आणि पाऊस यांच्या हालचालीची नोंद पुष्कळदा ठेवली जात नाही, त्यामुळे त्यांच्यामागे फिकट शेपूट राहते.

[दृश्य: दोन खऱ्या फ्रेम, मध्ये एक रिकामी चौकट]

फ्रेम जनरेशनमध्ये मात्र खेळ सेकंदाला ३० फ्रेमच काढतो आणि प्रत्येक दोन फ्रेमांमधली एक फ्रेम चिप तयार करते. मधली फ्रेम बनवायची तर पुढची खरी फ्रेम हातात असावी लागते. ती तयार झाल्यावरही लगेच दाखवता येत नाही, कारण आधी मधली दाखवायची असते. म्हणून खरी फ्रेम किमान १६.७ मिलिसेकंद उशिरा पडद्यावर येते आणि गणनेचा वेळ त्यात आणखी मिळतो. दृश्य साठ फ्रेमचे वाटते, पण बोटाला मिळणारा प्रतिसाद नुसत्या तीस फ्रेमच्या खेळापेक्षाही मंद होतो. हा उशीर टाळण्यासाठी पुढची फ्रेम आधीच्या दोन फ्रेमांवरून भाकीत करण्याचाही मार्ग आहे आणि क्वालकॉमने त्यासाठी ओपनजीएल ईएस या चित्र काढण्याच्या आज्ञासंचात स्वतंत्र विस्तार दिला आहे. त्यात थांबावे लागत नाही, पण पात्र अचानक वळले तर भाकीत सरळच धावते आणि पुढच्या खऱ्या फ्रेमला त्याला मागे खेचावे लागते.

आता कोपऱ्यातल्या गुणांकडे पाहा. १९९ चे २०० होताना मधल्या फ्रेममध्ये कोणता आकडा असावा? खेळातच ही सोय नीट जोडलेली असेल तर आकडे शेवटी, वेगळे काढले जातात आणि प्रश्न येत नाही. पण फोन बाहेरून फक्त दोन तयार चित्रे घेऊन मधले बनवत असेल, तर आकड्यांची अक्षरे वितळल्यासारखी होतात. दुसऱ्या फोनने सेकंदाला २४० फ्रेमचे चित्रीकरण केले की हे स्वच्छ दिसते: साठ फ्रेमच्या पडद्याची प्रत्येक फ्रेम चार चित्रांत पकडली जाते आणि आलटून पालटून एक फ्रेम ठसठशीत, एक पुसट आढळते. फोनमधल्याच स्क्रीन रेकॉर्डिंगवर विसंबू नये, कारण काही फोनमध्ये मधल्या फ्रेम पडद्याजवळच्या वेगळ्या चिपमध्ये बनतात आणि रेकॉर्डिंगमध्ये त्या येतच नाहीत.

बॅटरीचा हिशेब इथून सुरू होतो. काम करताना चिपला लागणारी शक्ती तिच्या गतीच्या प्रमाणात आणि व्होल्टेजच्या वर्गाच्या प्रमाणात असते, म्हणून काम हलके झाल्यावर गती उतरली आणि तिच्याबरोबर व्होल्टेज १० टक्के उतरले, तर केवळ व्होल्टेजमुळे १९ टक्के बचत होते. मात्र अपस्केलिंगचाही खर्च असतो. फोनचा जीपीयू चित्राचे लहान तुकडे करून ते चिपच्या आतच रंगवतो, कारण बाहेरच्या मेमरीपर्यंतची ये-जा वीज खाते. जुन्या फ्रेम वापरणाऱ्या पद्धतीला ही ये-जा टाळता येत नाही. पूर्ण मापाची एक फ्रेम, पिक्सेलमागे चार बाइट धरून, सुमारे ८.३ एमबी होते. ती सेकंदाला ६० वेळा लिहायची आणि वाचायची म्हटली की जवळजवळ एक जीबीची वाहतूक वाढते. ज्या खेळाचे रंगकाम मुळातच साधे आहे, तिथे ही वाहतूक सगळी बचत गिळू शकते.

फ्रेम जनरेशनमध्ये तीसवरून साठ करताना, खऱ्या साठ फ्रेमच्या तुलनेत चांगली बचत होऊ शकते, कारण जीपीयूबरोबर सीपीयूचेही बरेचसे काम निम्म्यावर येते. साठवरून एकशेवीस करताना मात्र नुसत्या साठच्या तुलनेत बचत काहीच नाही: खरे काम तेवढेच राहते, मधल्या फ्रेमांचे काम वाढते आणि पडदाही दुप्पट वेगाने ताजा होतो. चित्राचे गणित नेमके उलटे आहे. साठच्या पायावर दोन खऱ्या फ्रेमांत १६.७ मिलिसेकंदांचेच अंतर असल्याने अंदाज बहुधा बरोबर येतो. तीसच्या पायावर अंतर ३३.३ होते, पात्र दुप्पट पुढे सरकलेले असते आणि चुका उघड दिसतात. माझ्या मते या सोयीची खरी अडचण हीच आहे.

[दृश्य: संगणकाच्या पडद्यावर आज्ञा]

बॅटरीचा हा फरक आपल्या अँड्रॉइड फोनवर तपासता येतो. त्यासाठी फोन केबलने संगणकाला जोडून adb या साधनाने पुढची आज्ञा द्यावी.

```
adb shell dumpsys battery
```

उत्तरात बऱ्याच फोनवर Charge counter हा आकडा मायक्रोअँपिअर-तासांत आणि temperature हा अंशाच्या दशांशात मिळतो, म्हणजे ३८५ म्हणजे ३८.५ अंश सेल्सिअस. मी पहिल्यांदा केबल लावूनच खेळलो आणि फोन चार्ज होत राहिल्याने सगळी नोंद वाया गेली. म्हणून आकडा घ्यावा, केबल काढावी, अर्धा तास तोच प्रसंग खेळावा आणि पुन्हा आकडा घ्यावा. समजा ३६,००,००० चे ३२,५०,००० झाले, तर ३,५०,००० मायक्रो म्हणजे ३५० मिलिअँपिअर-तास खर्च झाले. अशी एक फेरी सोय बंद ठेवून आणि एक चालू ठेवून करावी. पडद्याची उजळता दोन्ही वेळा सारखी ठेवावी आणि फोन पूर्ण थंड झाल्यावरच दुसरी फेरी सुरू करावी.

फ्रेमची कमाल मर्यादाही दोन्ही फेऱ्यांत तीच हवी. मर्यादा नसेल, तर अपस्केलिंगने वाचलेला वेळ खेळ जास्त फ्रेम काढण्यात घालवतो आणि Charge counter पहिल्याइतक्याच वेगाने उतरतो.