बाजू पलटताना

[दृश्य : इंदूर, रामबाग. सकाळची वेळ. खिडकीशी टेबल, त्यावर काळी तबकडी.]

ही तबकडी हातात घेतली की आधी जाणवतं तिचं वजन. व्यास दहाच इंच, पण हात जपून धरतो, कारण ही वाकत नाही, फुटते. हिच्यात प्लास्टिक नाही. ही लाखेची. लाकडाला पॉलिश करताना जो चपडा स्पिरिटमध्ये विरघळवतात, तोच चपडा. त्यात दगडाची बारीक पूड आणि काजळी कालवून, तापवून साच्यात दाबलेला.

लाख आपल्याकडच्या झाडांवरची, गाणं आपलं, पण 1902 साली कलकत्त्यात ध्वनिमुद्रण सुरू झालं तेव्हा तबकड्या जर्मनीतल्या हॅनोव्हरला दाबल्या जात आणि बोटीने परत येत. 1908 मध्ये कलकत्त्यात कारखाना निघाला, मग ही वारी थांबली.

[दृश्य : काकांचे हात. वाटीत पाणी, मऊ ब्रश.]

काकांची धुण्याची पद्धत ठरलेली आहे. डिस्टिल्ड वॉटर, त्यात भांड्यांच्या साबणाचा एखादा थेंब. ब्रश फिरतो तो खाचेच्या दिशेने, गोल. आडवा कधीच नाही. मधलं कागदी लेबल कोरडं राहिलं पाहिजे, म्हणून त्यावर स्टीलची वाटी पालथी घातलेली. मग सुती कापडाने टिपायचं आणि ताटांच्या स्टँडमध्ये उभी करून वाळवायची.

स्पिरिट मात्र कधीच नाही. चपडा स्पिरिटमध्ये विरघळतो, हे आताच सांगितलं. घरातल्याच एका उत्साही माणसाने दिवाळीच्या साफसफाईत एक तबकडी स्पिरिटने चकचकीत करायला घेतली होती.

[दृश्य : तबकडीवरचा पांढुरका, निस्तेज पट्टा. सुई त्यावरून जाते.]

हा तिचा आवाज.

[दहा सेकंद फक्त खरखर.]

[दृश्य : ग्रामोफोनच्या पिनांची डबी, बोटावर एक पीन.]

चांगल्या तबकडीलाही खरखर असतेच, आणि ती कोणाच्या हलगर्जीपणामुळे नाही. दगडाची पूड मुद्दामच घातलेली असते. पोलादी पीन खाचेत उतरली की पहिल्या काही फेऱ्यांतच तिचं टोक घासून खाचेच्या मापाचं होतं. म्हणजे तबकडी पीन झिजवते. दर बाजूला नवी पीन लावायची ती यासाठी. काटकसर म्हणून जुनी पीन वापरली की तीच तबकडीला खरवडते. काका आता ग्रामोफोनवर वाजवत नाहीत. त्यांच्या टर्नटेबलला या रुंद खाचांसाठी वेगळी सुई आहे; लाँग प्लेच्या सुईपेक्षा तिचं टोक साधारण तिप्पट रुंद.

[दृश्य : फिरती तबकडी, वरून.]

आता फेऱ्या मोजा. मिनिटाला 78. एका बाजूला सव्वातीन मिनिटं, म्हणजे अडीचशे फेऱ्या. या रुंद खाचा इंचाला फार तर शंभर बसतात. अडीचशे फेऱ्यांना अडीच इंच लागले, आणि लेबल आलं. गाण्याची मर्यादा ठरली ती इथे, या अडीच इंचांत.

त्या सव्वातीन मिनिटांत मोठमोठ्या गवयांनी काय केलं हा वेगळाच विषय आहे. अब्दुल करीम खाँसाहेबांची झिंझोटीतली ‘पिया बिन नहीं आवत चैन’ ऐकली तर वेळ अपुरा पडला असं कुठेही वाटत नाही. आणि ऐकणारा ती तीन मिनिटं इतक्यांदा ऐकायचा की पुढची हरकत आधी त्याच्या गळ्यात यायची. काकांच्या वडिलांचा रियाज अशाच चार तबकड्यांवर झाला.

पण हे सगळ्याच गाण्याला जमणारं नव्हतं. त्याचं उत्तम उदाहरण आमच्या इंदूरचंच.

[दृश्य : तबल्यावर हात. झुमऱ्याचा ठेका, अतिविलंबित.]

उस्ताद अमीर खाँ. वडील शाहमीर खाँ होळकर दरबारात सारंगिये. अमीर खाँसाहेबांची गायकी वाढली ती इंदुरात, आणि ख्यालाला त्यांनी जी लय धरली ती ही. झुमरा, चौदा मात्रा. एका मात्रेला चार सेकंद धरू. ऐका.

[ठेका सुरू राहतो : धिं, धा, तिरकिट…]

अजून पहिलं आवर्तन पुरं झालेलं नाही. एका आवर्तनाला छप्पन्न सेकंद. लाखेच्या तबकडीवर अशी साडेतीन आवर्तनं बसतात, तीही आलापाला एक क्षण न देता. चौथं आवर्तन पुरं होण्याआधीच पीन लेबलाशी. ही गायकी त्या अडीच इंचांत मावणारी नव्हती.

[दृश्य : लाँग प्लेचं कव्हर, त्यातून तबकडी बाहेर येते. खाचांचा क्लोजअप.]

लाँग प्लेने दोन गोष्टी बदलल्या. फेऱ्या 78 वरून 33⅓ वर आल्या, आणि विनाइलमध्ये दगडाची पूड नसल्यामुळे खाचा बारीक काढता आल्या. एका बाजूला वीस-बावीस मिनिटं मिळू लागली. 1960 साली अमीर खाँसाहेबांची लाँग प्ले आली: एका बाजूला मारवा, दुसऱ्या बाजूला दरबारी. एक बाजू, एक राग, मधे उठायचं नाही. मारव्यात षड्ज टाळत, लांबवत नेणं म्हणजे काय, ते घरबसल्या कळायला आधी तेवढा वेळ तबकडीवर असावा लागतो.

तरी बावीस मिनिटंच. मैफलीत तोच राग तासभर चालायचा.

[दृश्य : पलंगाखालून ओढलेली पत्र्याची ट्रंक. झाकण उघडतं. कॅसेटी.]

आता खरं म्हणजे जे दाखवायचं आहे ते.

कॅसेट 1963 ची, फिलिप्सची. आपल्या घरांत ती शिरली पुढे दीड-दोन दशकांनी. तिचं कौतुक बहुतेक जण स्वस्ताईसाठी करतात. आम्ही करतो ते दुसऱ्याच एका बटणासाठी. लाल रंगाचं. तोवर गाणं कंपनी भरायची आणि आपण विकत आणायचो. हे बटण आल्यावर रामबागेतल्या, जेल रोडवरच्या, वाड्यावाड्यांतल्या बैठका भरून ठेवता आल्या. या ट्रंकेतल्या कॅसेटींवर जे गातात ते ऑफिसं सांभाळून गाणारे लोक. त्यांच्या तबकड्या कधी निघाल्या नाहीत. जे आहे ते इथेच.

[दृश्य : कॅसेट उघडलेली, छोटा स्क्रूड्रायव्हर.]

ही नव्वद मिनिटांची. एका बाजूला पंचेचाळीस. फीत सेकंदाला पावणेपाच सेंटिमीटर सरकते, म्हणजे आत सुमारे 130 मीटर फीत, रुंदी चार मिलिमीटरही नाही. एवढी लांबी डबीत बसवायची म्हणून ती साठ मिनिटांवाल्या फितीपेक्षा पातळ केलेली. म्हणूनच डेकमध्ये गुंतते ती बहुधा हीच.

फितीमागची ही छोटी गादी पाहा. फीत हेडला टेकवून ठेवणं एवढंच तिचं काम. डिंक वाळून ती पडली की आवाज येतो, पण उशीखालून आल्यासारखा. लोक समजतात रेकॉर्डिंग गेलं, आणि कॅसेट फेकतात. गेलेली फक्त गादी असते. दुसऱ्या एखाद्या निकामी कॅसेटीतली काढून इथे चिकटवायची.

[दृश्य : डेकच्या हेडशेजारचा स्क्रू. काकांच्या कानाला हेडफोन, डोळे मिटलेले.]

मग हा स्क्रू. ज्या यंत्रावर बैठक भरली त्याचं हेड केसभर तिरकं असेल तर आपल्या सरळ हेडवर वरचे स्वर दबतात. तंबोऱ्याची जवारी नाहीशी होते. काका दोन्ही चॅनल एकत्र करून ऐकतात आणि स्क्रू अगदी थोडा थोडा फिरवतात. जवारी उघडली की थांबायचं. दर कॅसेटीला हे पुन्हा. संगणक यात कामाचा नाही असं ते म्हणतात, आणि इथे दबलेलं नंतर कुठल्याही सॉफ्टवेअरने नीट परत येत नाही, हे खरंच आहे.

[दृश्य : जुनी हार्मोनियम, भात्यावर हात. बाजूला संगणकाचा पडदा.]

या कॅसेटीने आठवडा खाल्ला. 1984, काकांच्याच दिवाणखान्यातली बैठक. गायकाची पट्टी काळी एक, हे घरात सगळ्यांना पाठ. कॅसेटीवर मात्र षड्ज येतो काळी एक आणि पांढरी दोन यांच्या मधे कुठेतरी. लयही थोडी घाईची. स्वर आणि लय दोन्ही एकदम चढले, म्हणजे दोष गायकाचा नव्हे, यंत्राचा. भरताना टेपरेकॉर्डरचा रबरी पट्टा ढिला होता, फीत हळू सरकली. आज बरोबर वेगाने वाजवतो म्हणून सगळं वर चढतं.

किती वर? पडद्यावर तळाशी ही बारीक रेघ. विजेची गुणगुण. ती 50 हर्ट्झला हवी, इथे 52 ला आहे. म्हणजे वेग चार टक्क्यांनी जास्त. चार टक्के उतरवले की पावणेचव्वेचाळीस मिनिटांची बाजू साडेपंचेचाळीसची होते.

यात एक मेख आहे. त्या काळी वीजच कधी 50 च्या खाली उतरायची. नुसत्या गुणगुणीवर विसंबलं तर चूक चुकीनेच सुधारली जाईल. म्हणून ही पेटी. त्या बैठकीत साथीला हीच होती.

[काका काळी एक दाबतात. पाठोपाठ सुधारलेली कॅसेट. दोन स्वर एकमेकांत मिसळतात. निवेदन नाही, पंधरा सेकंद.]

[दृश्य : शेल्फवर सीडींची रांग, धूळ.]

सीडीने चौऱ्याहत्तर मिनिटं सलग दिली, खरखर घालवली, आणि बैठकीच्या लोकांसाठी फारसं काही केलं नाही. आमच्याकडे तिचं चित्रीकरण एवढंच आहे.

[दृश्य : राजवाड्यासमोर रात्र. पोह्यांच्या गाडीशी कानात इअरफोन घातलेला मुलगा, अंगठा पडद्यावर.]

आता वेळेची मर्यादाच नाही. चार तासांची मैफल खिशात मावते. पण मोजमाप बदललं: स्पॉटिफायवर गाणं तीस सेकंद वाजलं की ते ‘ऐकलं’ म्हणून नोंदलं जातं. झुमऱ्यात तेवढ्या वेळात सात मात्रा होतात आणि तालातली ‘खाली’ नुकतीच लागते. विलंबित आणि द्रुत वेगवेगळे ट्रॅक म्हणून चढवलेले असतात. शफल चालू असेल तर द्रुत आधी. आणि 1984 च्या त्या गायकाचं नाव शोधलं तर काहीच येत नाही.

[दृश्य : पुन्हा दिवाणखाना. कॅसेट फिरते आहे. काका, त्यांची नात.]

ही बाजू संपत आली. पुढे काय आहे ते काकांना माहीत आहे, कारण त्या रात्री टेपरेकॉर्डरशी बसलेला मुलगा तेच होते.

[कॅसेटवरून : तान, समेच्या जरा आधी. खट. शांतता. मग दुसरी बाजू, ठेका मधूनच, आणि मागून कुणाचा तरी दबका आवाज : ‘पलटवलीस का रे?’]

मधल्या पाच-सहा मात्रा कुठेच नाहीत.

[काका हाताने मात्रा मोजत राहतात. चित्र काळं होईपर्यंत ठेका.]