आईचा नंबर कधी लागतो?

श्रोतेहो, नमस्कार.

केंद्र सरकारच्या एका कार्यालयात पेन्शन शाखेत मी बरीच वर्षं काढली. निवृत्त झाल्यानंतरही इंदूरच्या आपल्या मराठी वस्तीतून कुणी ना कुणी कागदांची पिशवी घेऊन दारी येतं. त्यातली एक गोष्ट, फॅमिली पेन्शनच्या रांगेत आईचा नंबर कधी लागतो याची, आज सांगतो. नावं सांगत नाही, त्यांची गरजही नाही.

रामबागेतलं घर. मुलगा केंद्र सरकारच्या नोकरीत, 1996 साली लागलेला. जून 2022 मध्ये कार्यालयातच छातीत दुखू लागलं आणि दवाखान्यात पोचेपर्यंत सगळं संपलं. वय बावन्न. घरात बायको, बावीस वर्षांची मुलगी, एकोणीस वर्षांचा मुलगा आणि शहात्तर वर्षांची आई. तेरावं झाल्यावर आई माझ्याकडे आली, सोबत भाचा होता. मांडीवर स्टीलचा डबा, त्यात रबर लावून ठेवलेले कागद. त्यातला एक पिवळा पडलेला कागद त्यांनी माझ्यापुढे ठेवला आणि म्हणाल्या, "हे बघा भाऊ, माझ्या लेकानं माझंच नाव लिहिलंय. पेन्शन माझीच ना?"

कागद खरा होता. नोकरीला लागल्यावर, लग्नाआधी, मुलानं आईच्या नावानं जीपीएफचं, म्हणजे भविष्य निर्वाह निधीचं, नॉमिनेशन भरलं होतं. पण जीपीएफचं नॉमिनेशन जीपीएफपुरतं असतं. ग्रॅच्युइटीचं वेगळं असतं. फॅमिली पेन्शनला मात्र नॉमिनेशन नसतंच. ती कुणाला द्यायची हे कर्मचारी ठरवत नाही, नियम ठरवतात. मृत्युपत्रात लिहूनही ती कुणाला देता येत नाही, कारण ती मृताच्या मालमत्तेचा भागच नाही. रेल्वेच्या एका कर्मचाऱ्याच्या कुटुंबाच्या खटल्यात 1991 साली सर्वोच्च न्यायालयानं हे स्पष्ट केलं आहे. आजींना हे सांगताना मला जड गेलं, पण खोटी आशा लावून कार्यालयाच्या पायऱ्या चढायला लावणं त्याहून वाईट.

मग ती कुणाला मिळते? केंद्रीय कर्मचाऱ्यांना आता 2021 चे पेन्शन नियम लागू आहेत आणि त्यात नियम 50 फॅमिली पेन्शनचा आहे. त्याची रीत रांगेसारखी आहे. रांगेत पुढे असलेला माणूस पात्र आहे तोवर मागच्याला काही मिळत नाही. मागे असलेल्याचं दुःख कमी आहे म्हणून नव्हे, नियमच तसा आहे. रांगेत पहिली पत्नी किंवा पती. त्यांच्यानंतर पंचवीस वर्षांखालची मुलं, जन्माच्या क्रमानं. त्यानंतर असं मूल की जे अपंगत्वामुळे पोट भरू शकत नाही, त्याला आयुष्यभर. त्यानंतर पंचविशी ओलांडलेल्या अविवाहित, विधवा किंवा घटस्फोटित मुली. आणि हे सगळे संपले की मग आईवडील, त्यातही आधी आई. त्यांच्याही मागे अपंग भाऊबहीण असतात.

म्हणजे या घरात पेन्शन सुनेला लागली. किती, तेही सांगतो. मुलाचं शेवटचं मूळ वेतन 49,000 रुपये होतं. नोकरीत असताना मृत्यू झाला, तर पहिली दहा वर्षं मूळ वेतनाच्या निम्मी पेन्शन मिळते. म्हणून सुनेला दरमहा 24,500 रुपये आणि त्यावर महागाई सवलत. दहा वर्षं झाली, म्हणजे जून 2032 नंतर, ती 30 टक्क्यांवर येते. तेव्हा 14,700 रुपये आणि त्यावर त्या वेळची महागाई सवलत. सातव्या वेतन आयोगानुसार 9,000 रुपयांच्या खाली ती जात नाही. दहा वर्षं मृत्यूच्या तारखेपासून मोजतात, घेणाऱ्याच्या नावावरून नाही. मधल्या काळात पेन्शन एकाकडून दुसऱ्याकडे गेली, तरी घड्याळ तेच चालू राहतं. निवृत्त झाल्यावर कुणी गेलं, तर वाढीव दराची मुदत वेगळी असते: सात वर्षं, किंवा गेलेल्याचं वय सदुसष्ट झालं असतं ती तारीख, यातलं जे आधी येईल ते.

त्या घरात लगेच दुसरा वाद उभा राहिला. सुनेला नोकरी लागली तर पेन्शन बंद होईल, असं कुणीतरी सांगितलं होतं. तसं नाही. पत्नीच्या पगाराचा किंवा तिच्या स्वतःच्या पेन्शनचा फॅमिली पेन्शनवर काही परिणाम होत नाही. तिचा हक्क संपतो तो मृत्यूनं किंवा पुनर्विवाहानं. पुनर्विवाहाची अट ऐकून सासरची माणसं सुनेकडे संशयानं बघू लागतात. हे मी पाहिलं आहे आणि मला ते आवडत नाही. तिनं पुन्हा लग्न केलं, तर पेन्शन आईकडे जात नाही, मुलांकडे जाते. आणि तिला मूल नसेल, तर पुनर्विवाहानंतरही तिची पेन्शन चालू राहू शकते. अट एवढीच की तिचं दुसरं उत्पन्न किमान फॅमिली पेन्शन आणि त्यावरची महागाई सवलत यांच्या बेरजेएवढं किंवा त्याहून जास्त होऊ नये. म्हणून पेन्शन घरात राहावी यासाठी तरण्या विधवेचं आयुष्य अडवून ठेवायला नियम सांगत नाही.

आता मुलांकडे येऊ, कारण सगळ्यात जास्त चुका इथेच होतात. समजा, पुढच्याच वर्षी सूनही गेली असती. तेव्हा मुलगी तेवीस वर्षांची, मुलगा वीस वर्षांचा. दोघांत पेन्शन वाटली गेली नसती. मोठी म्हणून पूर्ण पेन्शन आधी मुलीला, ती पंचवीस वर्षांची होईपर्यंत, किंवा त्याआधी लग्न झालं किंवा ती कमावती झाली तर तोपर्यंत. कमावती म्हणजे किमान पेन्शन अधिक महागाई सवलत एवढं किंवा त्याहून जास्त उत्पन्न. मग पेन्शन मुलाकडे, त्याच अटींवर, तो पंचवीस होईपर्यंत. त्यानंतर ती मुलगी अजून अविवाहित असेल आणि कमावत नसेल, तर पेन्शन परत तिच्याकडे येते. लोक म्हणतात, "एकदा बंद झालं, आता काय मिळणार?" आणि अर्जच करत नाहीत. एकदा बंद झाली म्हणून हक्क गेला, असं समजू नका. पंचविशीनंतरच्या मुलीचा हक्क मात्र सगळी भावंडं पंचविशीच्या पुढे गेल्यावरच येतो, आणि घरात अपंग मूल असेल तर ते तिच्याआधी येतं.

विधवा किंवा घटस्फोटित मुलीच्या बाबतीत तारीख फार महत्त्वाची. नवऱ्याचा मृत्यू आईवडिलांपैकी एक तरी हयात असताना झालेला हवा. घटस्फोटाचंही तसंच, फक्त इतकी सूट आहे की दावा त्यांच्या हयातीत दाखल झाला असेल, तर निकाल नंतर लागला तरी चालतो. दावा करायचाच असेल, तर तो लांबवू नका, एवढंच म्हणेन.

आणखी एका प्रसंगात रांग मोडते. पहिली पत्नी वारलेली, तिचं मूल आहे, आणि दुसरी पत्नी हयात आहे. तेव्हा पहिलीच्या मुलाला आईचा वाटा मिळतो आणि बाकीचा सावत्र आईला. सावत्र आईनं हे लपवलं, तर पेन्शन सुरू होताना कुणाच्या लक्षात येत नाही. कळलं की मग वसुली निघते.

परत आजींकडे. त्यांनी विचारलं, "म्हणजे मला काहीच नाही?" सून आणि पात्र नातवंडं आहेत तोवर फॅमिली पेन्शन नाही, हे खरं. आणि सगळे मागे हटले असते तरी आईवडिलांसाठी एक मोठी अट असते. मुलगा गेला त्या वेळी ते पूर्णपणे त्याच्यावर अवलंबून असायला हवेत, आणि दोघांचं मिळून उत्पन्न किमान पेन्शन अधिक महागाई सवलत यापेक्षा कमी असायला हवं. इथे एक खाचखळगा आहे. ज्या आईला स्वतःच्या नवऱ्याची फॅमिली पेन्शन मिळते, तिचं उत्पन्न बहुधा याच मर्यादेला पोचतं. मग मुलाच्या पेन्शनसाठी ती अवलंबून ठरत नाही. आजींना तशी पेन्शन नव्हती, घर मुलाच्या पगारावर चालायचं.

तरी त्यांच्या हाती काही होतं. जीपीएफचं नॉमिनेशन त्यांच्या नावावर होतं, तो विषय वेगळा मांडता येणार होता. आई हिंदू उत्तराधिकार कायद्यात पहिल्या वर्गाची वारस असल्यानं मुलाच्या मालमत्तेतही तिचा वाटा असतो. आणि नातवानं अनुकंपा नियुक्तीचा अर्ज करायचं ठरवलं होतं. अनुकंपेवर नोकरी मिळणाऱ्याला लेखी हमी द्यावी लागते की गेलेल्यावर अवलंबून असलेल्या इतरांचा सांभाळ मी करीन. ती हमी मोडली, तर नोकरीवर गदा येऊ शकते. मी आजींना आणि सुनेला एकत्र बसवून हे वाचून दाखवलं. त्या दिवशी पहिल्यांदा सून म्हणाली, "आई, औषधांचं मी बघेन, तुम्ही ऑफिसात नका जाऊ." त्यांच्यात सगळं गोड झालं असं मी म्हणणार नाही, पण आजींचा डबा नंतर माझ्याकडे आला नाही.

पेन्शन सुरू करायला काय लागलं? नगर निगमचा मृत्यूचा दाखला, फॉर्म 10, बँकेची आणि ओळखीची कागदपत्रं. सगळं पक्कं व्हायला वेळ लागणार असेल, तर तात्पुरती फॅमिली पेन्शन सुरू करता येते. ती कार्यालयाकडे आवर्जून मागा, कारण पहिल्या महिन्यांतच घराची ओढाताण होते. आमच्याकडे अडलं ते भलत्याच जागी. कुटुंबाच्या तपशिलात, ज्याला आता फॉर्म 4 म्हणतात, मुलीचं नाव होतं, मुलाचं नव्हतं. 1999 नंतर तो कागद कुणी उघडलाच नव्हता, आणि मुलगा जन्मला त्यानंतर. सुनेची पेन्शन त्यामुळे थांबली नाही, पण नातवाचा अनुकंपेचा अर्ज आधी नातं सिद्ध करण्यात अडकला.

2004 च्या 1 जानेवारीला किंवा नंतर केंद्रात लागलेल्यांचं काम थोडं वेगळं. ते एनपीएसमध्ये, म्हणजे राष्ट्रीय पेन्शन योजनेत, येतात आणि नोकरीत मृत्यू झाला तर कुटुंबाला जुन्या नियमांची फॅमिली पेन्शन की एनपीएसचे पैसे, याचा पर्याय त्यांनी स्वतः भरून ठेवायचा असतो. तो भरला आहे का, हे नोकरीत असलेल्यानं आजच बघावं. आणि तुमच्या घरात कुणी मध्य प्रदेश शासनाच्या नोकरीत असेल, तर त्यांना राज्याचे नियम लागतात. मी सांगितलेलं केंद्राचं आहे, त्यावर विसंबून राज्याच्या कार्यालयात वाद घालू नका.

ज्यांच्या घरी कर्मचारी आज हयात आहे, त्यांनी फॉर्म 4 काढून बघा. त्यात पात्र असो वा नसो, सगळे लिहायचे असतात: पत्नी, सगळी मुलं, आईवडील, अपंग भावंडं. घरात अपंग मूल असेल, तर त्याचं नाव आणि प्रमाणपत्र आत्ताच कार्यालयात नोंदवून घ्या, कारण नंतर ते सिद्ध करायला तेवढं धावणारं कुणी उरत नाही. मुलीचं लग्न, घटस्फोट, नवं बाळ, असं काही झालं की एक अर्ज आणि त्याची पोचपावती. ती पावती घरातल्या दुसऱ्या माणसाला दाखवून ठेवा, म्हणजे ती कुठल्या डब्यात आहे हे कर्मचाऱ्याशिवाय आणखी एकाला माहीत असेल.

नमस्कार.